विलीनीकरणाच्या गणितात ईपीएस वाढला, मग फायदा नक्की कोणाचा?

अंकिता_७

विलीनीकरणाचं एक गणित सोडवलं, पण उत्तर जुळत नाही. आकडे असे:

अ कंपनी (घेणारी): निव्वळ नफा ४० लाख रुपये, शेअर १० लाख, बाजारभाव ६० रुपये.
ब कंपनी (विलीन होणारी): निव्वळ नफा १८ लाख रुपये, शेअर ६ लाख, बाजारभाव ३० रुपये.

अदलाबदल बाजारभावाच्या प्रमाणात आहे. विलीनीकरणामुळे नफ्यात वेगळी वाढ होत नाही असं धरायचं आहे. विचारलंय ते असं: एक्स्चेंज रेशो किती, म्हणजे ब च्या एका शेअरला अ चे किती शेअर मिळतील, नंतरचा ईपीएस, म्हणजे एका शेअरमागचा नफा, किती, दोन्ही कंपन्यांच्या भागधारकांवर काय परिणाम होतो, आणि अ चा ईपीएस जसाच्या तसा ठेवायचा असेल तर रेशो किती हवा.

मी केलं ते असं. रेशो ३० भागिले ६०, म्हणजे ०.५. नवे शेअर ३ लाख, एकूण शेअर १३ लाख, एकूण नफा ५८ लाख. ईपीएस ४.४६. अ चा आधीचा ईपीएस ४ होता, तो ४.४६ झाला. ब चा ३ होता, तोही ४.४६ झाला, म्हणजे ब च्या लोकांना जवळजवळ ४९ टक्के फायदा. पण उत्तरात ब चा ईपीएस २५.६ टक्क्यांनी घटला असं दिलंय. दोघांच्या हातात एकाच कंपनीचे शेअर असताना एकाचा वाढतो आणि दुसऱ्याचा घटतो, हे कसं?

---

जुनापत्रक

रेशो, शेअरांची संख्या, ४.४६, सगळं बरोबर आहे. चूक फक्त शेवटच्या तुलनेत आहे.

४.४६ हा अ च्या एका शेअरचा ईपीएस आहे. ब च्या माणसाकडे आधी ब चा एक शेअर होता, आता त्याच्या जागी अ चा अर्धाच शेअर आहे. त्यामुळे त्याच्या जुन्या एका शेअरमागे आता किती मिळकत आहे हे काढायचं तर ४.४६ ला ०.५ ने गुणायचं. उत्तर येतं २.२३. म्हणजे ३ वरून २.२३, घट ७७ पैशांची, २५.६ टक्के.

रेशो १ पेक्षा लहान असताना ही पायरी गाळली की उत्तर नेहमी ब च्या बाजूने फुगतं, आणि रेशो जितका लहान तितकं जास्त फुगतं. आकडा फारच मोठा आला तर शंका येते, पण ४९ टक्के हा आकडा दिसायला बरा वाटतो म्हणून चूक लक्षात येत नाही.

ताळा असा करा. नफा वाढलेला नाही, तेव्हा एकाला जे जास्त मिळालं ते दुसऱ्याकडूनच आलं असणार. अ चे १० लाख शेअर, प्रत्येकी ४६.१५ पैसे वाढ, म्हणजे ४.६२ लाख रुपये. ब चे ६ लाख जुने शेअर, प्रत्येकी ७६.९२ पैसे घट, म्हणजे तेवढेच ४.६२ लाख. हे दोन आकडे जुळले नाहीत तर कुठेतरी रेशोने गुणायचं राहिलंय.

हेच दुसऱ्या बाजूनेही दिसतं. ब ने एकूण नफ्यात ३१ टक्के भर घातली (५८ पैकी १८), आणि नव्या कंपनीत तिच्या लोकांना २३ टक्के वाटा मिळाला (१३ पैकी ३). ३१ देऊन २३ घेतले की मिळकत घटणारच.

---

सम्या

गणित ठीक आहे, पण "ब ला तोटा" हे उत्तर मला पटत नाही. भागधारक ईपीएस खिशात घालत नाही, शेअरचा भाव बघतो. अ चा पीई, म्हणजे शेअरचा भाव भागिले ईपीएस, १५ आहे (६० भागिले ४). विलीनीकरणानंतरही कंपनी अ च असणार, म्हणजे पीई १५ राहील. ४.४६ गुणिले १५ केलं की भाव ६६.९२. अ चा माणूस ६० वरून ६६.९२ वर गेला. ब च्या माणसाकडे अर्धा शेअर, म्हणजे ३३.४६, आधी ३० होते. दोघांनाही फायदा! परीक्षेत मी असंच लिहिलं असतं.

---

रेवती_द

दोघांना फायदा झाला तर तो पैसा आला कुठून? नफा तर रुपयाभरही वाढलेला नाही असं गणितातच म्हटलंय.

---

जुनापत्रक

रेवती, नेमका प्रश्न. सम्या, तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे: ईपीएस घटला म्हणजे तोटा झाला असं होत नाही. पण १५ चा पीई सगळ्या नफ्याला लावणं हे गृहीतक आहे, निष्कर्ष नाही, आणि त्याची किंमत मोजता येते.

विलीनीकरणाआधी अ चं एकूण बाजारमूल्य ६ कोटी, ब चं १ कोटी ८० लाख, मिळून ७ कोटी ८० लाख. तुमच्या हिशेबात ५८ लाख गुणिले १५, म्हणजे ८ कोटी ७० लाख. जादा ९० लाख. आता ब चा नफा बघा: १८ लाख. त्याला आधी बाजार १० चा पीई देत होता (३० भागिले ३). तुम्ही त्याला १५ दिलात. १८ लाख गुणिले ५ म्हणजे बरोबर ९० लाख. म्हणजे ब चा तोच कारखाना, तीच माणसं, तोच नफा, फक्त पाटी बदलल्यामुळे बाजार दीडपट किंमत देईल असं तुम्ही धरलंय.

काही बदललं नसेल तर एकूण मूल्य ७ कोटी ८० लाखच राहायला हवं. भागिले १३ लाख शेअर, भाव ६० रुपये. अ चा माणूस ६० वर, ब चा माणूस अर्ध्या शेअरमुळे ३० वर, दोघंही जिथे होते तिथेच. आणि नवा पीई ६० भागिले ४.४६, म्हणजे १३.४५. ईपीएस वाढला तेवढाच पीई खाली आला.

इथे आणखी एक चूक बऱ्याच उत्तरपत्रिकांत दिसते: नवा पीई म्हणून १५ आणि १० ची साधी सरासरी, १२.५, धरतात. तसं केलं तर एकूण मूल्य ७ कोटी २५ लाख येतं, म्हणजे ५५ लाख हवेत गेले. सरासरी नफ्याच्या वजनाने काढायची: ४० लाखांना १५, १८ लाखांना १०, बेरीज भागिले ५८ लाख. तेच १३.४५.

---

सम्या

पण खऱ्या बाजारात घेणाऱ्या कंपनीचा पीई लहान कंपनीला लागतो, हे होतं की. चांगल्या व्यवस्थापनाखाली गेली म्हणून लोक जास्त किंमत देतात.

---

जुनापत्रक

होतं. पण मग तो जास्तीचा नफा किंवा जास्तीची वाढ कुठून येणार हे सांगावं लागतं, आणि ती आकड्यात वेगळी दाखवावी लागते. पीई जसाच्या तसा ठेवून ती गुपचूप हिशेबात आणायची नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत अनेक उद्योगसमूहांनी याच्याच जोरावर कमी पीईच्या कंपन्या शेअर देऊन घेतल्या. प्रत्येक खरेदीनंतर ईपीएस वाढायचा, ती वाढ धंद्यातली समजून बाजार जास्त पीई द्यायचा, आणि त्या भावावर पुढची खरेदी व्हायची. खरेद्या थांबल्या की ईपीएसची वाढही थांबते, कारण ती धंद्यात कधी नव्हतीच.

जानेवारी २००० मध्ये जाहीर झालेलं एओएल या इंटरनेट कंपनीचं आणि टाइम वॉर्नर या माध्यम कंपनीचं विलीनीकरणही बघा. टाइम वॉर्नरच्या एका शेअरला नव्या कंपनीचे १.५ शेअर, एओएलच्या एका शेअरला १, आणि एओएलच्या भागधारकांकडे नव्या कंपनीचा ५५ टक्के वाटा. टाइम वॉर्नरचा धंदा एओएलपेक्षा कितीतरी मोठा होता, तरी निम्म्याहून जास्त वाटा एओएलला मिळाला, कारण त्या वेळी बाजार एओएलला फार मोठी किंमत देत होता. २००२ सालचा त्या कंपनीचा तोटा जवळजवळ ९९ अब्ज डॉलर होता. त्यातला बराचसा भाग गुडविल, म्हणजे खरेदीत मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेली रक्कम, खाली आणल्यामुळे आलेला. भावात जे गृहीत धरलेलं असतं ते रेशोतही उतरतं.

---

अंकिता_७

म्हणजे मूल्य दोघांचं सारखंच राहिलं, तरी ब चा ईपीएस २५ टक्के कमी झाला. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं? कमी मिळकतीला तेवढीच किंमत कोण देईल?

---

जुनापत्रक

जो पुढच्या वाढीची किंमत देतो तो. अ चा पीई १५ आणि ब चा १०, यामागे बहुतेक वेळा वाढीचा किंवा जोखमीचा फरक असतो. ब च्या माणसाने आजची थोडी मिळकत सोडली आणि वेगाने वाढणाऱ्या नफ्यात वाटा घेतला. अ च्या माणसाने उलटं केलं: आज ४६ पैसे जास्त घेतले, पण त्याच्या वाढीत आता मंद नफा मिसळला.

समजा अ चा नफा दर वर्षी १५ टक्क्यांनी वाढतो आणि ब चा ५ टक्क्यांनी. विलीन झालं नसतं तर चौथ्या वर्षी ब चा ईपीएस ३.६५ असता. विलीन झाल्यावर त्याच्या जुन्या शेअरमागे ३.५३. अजून मागेच. पाचव्या वर्षी एकटा असता तर ३.८३, विलीन झाल्यावर ३.९८. इथे तो पुढे जातो. त्याच वर्षी अ ची बाजू पालटते: एकटी असती तर ८.०५, विलीन झाल्यावर ७.९६. आज ज्याचा ईपीएस वाढला म्हणून आनंद, तोच पाचव्या वर्षी मागे पडला.

म्हणून फक्त पहिल्या वर्षाच्या ईपीएसवरून "अ चा फायदा, ब चा तोटा" असं लिहिणं अपुरं आहे. गणितात वाढीचा दर दिलेला नसतो, तेव्हा "ईपीएसच्या दृष्टीने ब ची घट, बाजारमूल्याच्या दृष्टीने दोघंही जागेवर" इतकंच लिहावं. दोन ओळी आहेत, दोन्ही लिहायच्या.

---

दशांश

अंकिता, शेवटचा भाग राहिला. अ चा ईपीएस ४ वरच ठेवायचा तर एकूण शेअर ५८ लाख भागिले ४, म्हणजे १४.५ लाख हवेत. त्यातले १० लाख जुने, ४.५ लाख नवे. ४.५ भागिले ६, रेशो ०.७५. पटकन काढायचं तर दोन्ही ईपीएसचं गुणोत्तर, ३ भागिले ४. ब च्या बाजूने तपासा: ४ गुणिले ०.७५ म्हणजे ३. कोणाचाही ईपीएस हलला नाही.

एक सांगतो, चार आकडी दशांश ठेवा. ४.४६ ला ०.५ ने गुणून मग टक्केवारी काढली की २५.७ येते, ४.४६१५ धरलं की २५.६. उत्तरपत्रिकेशी न जुळण्याचं हेही एक कारण असतं.

---

रेवती_द

०.७५ वर कोणाचाच ईपीएस बदलत नाही, मग हाच न्याय्य रेशो नाही का? बाजारभावाचा ०.५ कशाला?

---

जुनापत्रक

ईपीएस जागेवर राहिला म्हणजे मूल्य जागेवर राहिलं असं नाही. या गणितात सगळ्यात महत्त्वाचं मला हेच वाटतं.

०.७५ ला एकूण शेअर १४.५ लाख. एकूण मूल्य ७ कोटी ८० लाख. भाव ५३.७९. अ च्या माणसाचे ६० चे ५३.७९ झाले, शेअरमागे ६.२१ रुपये गेले, १० लाख शेअरांवर ६२ लाख. ब च्या माणसाला ०.७५ गुणिले ५३.७९, म्हणजे ४०.३४, आधी ३० होते. शेअरमागे १०.३४ जास्त, ६ लाख शेअरांवर तेच ६२ लाख. ईपीएसच्या तक्त्यात दोन्ही रांगांत "बदल शून्य" दिसतो आणि मागे ६२ लाख एका गटाकडून दुसऱ्याकडे गेलेले असतात.

ईपीएसच्या प्रमाणात रेशो ठरवणं म्हणजे अ आणि ब च्या नफ्याचा एक रुपया सारख्याच किमतीचा आहे असं म्हणणं. दोघांचा पीई सारखा असेल तरच ते खरं. तसं असेल तेव्हा दोन्ही रेशो आपोआप एकच येतात, वाद उरत नाही.

---

वाटाघाटी

आमच्याकडे प्रत्यक्षात असंच चाललंय म्हणून विचारतो. दोन्ही खासगी कंपन्या, बाजारभाव नाही. मोठ्या कंपनीचा शेअर १० रुपये दर्शनी किमतीचा, लहान कंपनीचा १०० चा. आमच्या बैठकीत एकाने सांगितलं की रेशो १० असायला हवा, कारण १०० भागिले १०. शिवाय लहान कंपनीचे १० टक्के शेअर मोठ्या कंपनीने आधीच घेतलेले आहेत, आणि लहान कंपनीत आधी लाभांश मिळणारे प्रेफरन्स शेअरही आहेत. तुमचं गणित लागू होईल का?

---

दशांश

दर्शनी किमतीचा मूल्याशी संबंध नाही. एचडीएफसी आणि एचडीएफसी बँकेचं विलीनीकरण १ जुलै २०२३ ला लागू झालं, तेव्हा एचडीएफसीच्या २५ शेअरांना बँकेचे ४२ शेअर दिले. दर्शनी किंमत २ आणि १ रुपया होती. दर्शनी किमतीवर ठरला असता तर रेशो २ आला असता, प्रत्यक्षात १.६८ होता.

हा रेशो वाचताना दिशाही बघा. "२५ ला ४२" यात आधी विलीन होणाऱ्या कंपनीचे शेअर, मग घेणाऱ्या कंपनीचे. उलटा वाचला तर १.६८ च्या जागी ०.६ होतो, आणि नव्या शेअरांचा आकडा जवळजवळ तिपटीने चुकतो.

---

जुनापत्रक

वाटाघाटी, तुमच्या प्रश्नात तीन वेगळे मुद्दे आहेत. अंकिताच्याच आकड्यांवर दाखवतो, तुमचे आकडे घालून तुम्ही करून बघा.

आधीची मालकी. अ कडे ब चे १० टक्के, म्हणजे ६०,००० शेअर आहेत असं धरा. अ स्वतःलाच शेअर देणार नाही. ते ६०,००० शेअर विलीनीकरणात रद्द होतात. रेशो ५,४०,००० शेअरांनाच लागतो, ०.५ ने नवे शेअर २,७०,०००, एकूण १२,७०,०००. ईपीएस ५८ भागिले १२.७, म्हणजे ४.५७. पण इथेच थांबायचं नाही. अ च्या ४० लाखांत ब कडून आलेला लाभांश असेल तर तो वजा करा, कारण ब चा पूर्ण १८ लाख नफा आपण धरलाच आहे. शेअरमागे १ रुपया लाभांश असेल तर ६०,००० वजा, नफा ५७.४ लाख, ईपीएस ४.५२. लाभांश राहिला की तोच रुपया दोनदा मोजला जातो, आणि तक्ता बघून हे कळत नाही. वर दशांशने दिलेल्या उदाहरणात मालकी उलट्या दिशेने होती, विलीन होणाऱ्या एचडीएफसीकडे बँकेचे शेअर होते. तेही रद्दच झाले.

प्रेफरन्स शेअर. ईपीएस काढताना नफ्यातून प्रेफरन्स लाभांश आधी वजा होतो. लहान कंपनीचा करोत्तर नफा २१ लाख आणि प्रेफरन्स लाभांश ३ लाख असेल तर ईपीएस १८ भागिले ६, म्हणजे ३. २१ भागिले ६ करून ३.५ धरला तर ईपीएसवरचा रेशो ०.७५ च्या जागी ०.८७५ येतो. ६ लाख शेअरांवर ७५,००० जास्त शेअर. विलीनीकरणानंतर त्या प्रेफरन्सवाल्यांना काय मिळणार हेही विचारा. त्यांना नव्या कंपनीतही प्रेफरन्सच मिळाले तर ३ लाख नंतरही वजा करत राहायचं. त्यांना इक्विटी दिली तर ३ लाख नफ्यात परत येतात, पण तेवढे शेअर एकूण संख्येत मिळवावे लागतात.

बाजारभाव नसणं. मग प्रत्येक शेअरचं मूल्य दोन-तीन पद्धतींनी काढून त्यांना वजन देतात. समजा कमाईच्या पद्धतीने अ चं मूल्य ६० आणि ब चं ३०, ताळेबंदावरच्या निव्वळ मालमत्तेने अ चं २५ आणि ब चं २०. दोन्ही पद्धतींना समान वजन. आता आधी मूल्यांची सरासरी घेतली तर अ ४२.५ आणि ब २५, रेशो ०.५८८. पण दोन रेशो आधी काढून त्यांची सरासरी घेतली तर ०.५ आणि ०.८ ची ०.६५. दोन्ही "समान वजन" म्हणूनच सांगता येतात, आणि ६ लाख शेअरांवर फरक ३७,००० शेअरांचा पडतो. कोणती पद्धत वापरणार हे आकडे टेबलावर यायच्या आधी लिहून घ्या, नंतर प्रत्येक बाजू आपल्याला सोयीची निवडते.

---

वाटाघाटी

दोन रेशोंची सरासरी, हेच आमच्याकडे झालंय असं वाटतं. एक विचारायचं राहिलं: मागच्या वर्षी लहान कंपनीला तोटा होता, यंदा नफा आहे. ईपीएस कोणत्या वर्षाचा?

---

जुनापत्रक

तोट्याच्या वर्षाचा ईपीएस ऋण असतो, त्यावर रेशो काढला तर तो ऋण येतो, आणि ऋण शेअर देता येत नाहीत. शून्याच्या जवळ असेल तरी अर्थ नसतो, कारण थोड्या रुपयांच्या फरकाने रेशो प्रचंड हलतो. यंदाचा नफा कशामुळे आला ते आधी तपासा. जमीन विकून किंवा जुनी रक्कम एकदाच वसूल होऊन आला असेल तर तो बाजूला काढा आणि दर वर्षी येणाऱ्या नफ्यावर ईपीएस धरा. तसा टिकाऊ नफा दिसतच नसेल तर ईपीएसला वजन देऊ नका, पुढच्या रोख प्रवाहावर मूल्य काढा. दोन वर्षांची सरासरी मात्र काढू नका, ती दोन्ही वर्षांबद्दल चुकीचं सांगते.

---

सम्या

सरासरी काढू नका हे मला पटत नाही. धंदा चढउताराचाच असेल तर पाच-सात वर्षांची सरासरी हीच खरी मिळकत असते. एका चांगल्या वर्षावर रेशो ठरवला की मोठी कंपनी फसते.

---

जुनापत्रक

पाच-सात वर्षांची आणि चढउताराच्या धंद्याची असेल तर हो. माझा आक्षेप दोन वर्षांच्या सरासरीला होता.

---

रेवती_द

सगळीकडे "नफ्यात वेगळी वाढ नाही" असं धरलंय. पण वाढच नसेल तर विलीन करायचंच कशाला? समजा दोन्ही कार्यालयं एक केल्यामुळे वर्षाला ५.८ लाख वाचतात. मग रेशो किती असावा?

---

दशांश

ते ५.८ लाख कर वजा करून आहेत असं धरतो. करपूर्व बचत थेट निव्वळ नफ्यात मिळवली तर ईपीएस खोटा फुगतो, ही चूक फार होते.

एकूण नफा ६३.८ लाख. अ चा ईपीएस ४ च्या खाली जाऊ नये तर एकूण शेअर जास्तीत जास्त १५.९५ लाख, नवे ५.९५ लाख, रेशो ०.९९. ब चा ईपीएस ३ च्या खाली जाऊ नये तर रेशो निदान ०.६५५ हवा. हा काढताना नव्या शेअरांची संख्या रेशोवरच अवलंबून असते हे विसरू नका: रेशो गुणिले ६३.८, भागिले (१० अधिक ६ गुणिले रेशो), हे ३ च्या बरोबर मांडायचं. सोडवलं की ४५.८ गुणिले रेशो बरोबर ३०.

म्हणजे ईपीएसच्या दृष्टीने ०.६५५ ते ०.९९ यातला कुठलाही रेशो दोघांना चालेल. आधी बचत नव्हती तेव्हा दोन्ही टोकं ०.७५ वरच होती, म्हणून त्याहून वेगळ्या रेशोला कोणीतरी हरणारच होतं.

---

जुनापत्रक

छान मांडलंत. आता हेच मूल्याने करून बघा. पीई १३.४५ धरला तर एकूण मूल्य ७.८ कोटींचं ८.५८ कोटी होतं, ७८ लाख जास्त. अ चा भाव ६० च्या खाली जाऊ नये तर एकूण शेअर १४.३ लाखांपर्यंत, रेशो ०.७१७ पर्यंत. ब चं मूल्य ३० च्या खाली जाऊ नये तर रेशो ०.४४ पासून पुढे.

ईपीएसचा पट्टा ०.६५५ ते ०.९९, मूल्याचा ०.४४ ते ०.७१७. दोन्हीत बसणारा भाग ०.६५५ ते ०.७१७, इतकाच अरुंद. ०.७० घेतला तर अ चा ईपीएस ४.४९, भाव ६०.४२. ब च्या जुन्या शेअरमागे ईपीएस ३.१५, मूल्य ४२.३०. दोघांचं काहीच घटलं नाही. पण ७८ लाखांच्या फायद्यातले जवळजवळ ७४ लाख ब कडे गेले आणि ४ लाख अ कडे. अ च्या संचालकांनी फक्त ईपीएसचा तक्ता बघितला तर ४ वरून ४.४९ म्हणजे १२ टक्के वाढ बघून ते खूश होतील, आणि ज्या बचतीसाठी हे सगळं केलं ती कोणाकडे गेली हे त्या तक्त्यात कुठेच दिसणार नाही.

---

सम्या

मग १५ चा पीई धरून मूल्याचा पट्टा काढा ना. तो रुंद होईल, अ लाही जास्त मिळेल.

---

जुनापत्रक

होईल. बचत नसलेल्या मूळ गणितातही १५ धरला तर अ ची वरची मर्यादा ०.७५ येते आणि ब ची खालची ०.४३५. पण तो रुंदपणा आधी मोजलेल्या ९० लाखांचा आहे. गणितात "विलीनीकरणानंतर अ चा पीई कायम राहील" असं लिहून दिलं असेल तर १५ धरून सोडवा, ते दिलेलं आहे. दिलेलं नसेल तर १३.४५ धरा आणि का धरला ते एका ओळीत लिहा. प्रत्यक्ष वाटाघाटीत मात्र १५ मान्य करणारा पक्ष त्या ९० लाखांचं कारण काय सांगतो ते विचारावं.

---

सम्या

बाजार दर वेळी कारण देत नाही. माझं मत १५ आणि १३.४५ च्या मधे कुठेतरी. पण ९० लाखांचा हिशेब मी आधी केला नव्हता, हे खरं.

---

अंकिता_७

माझ्या गणितात पीईबद्दल काहीच लिहिलेलं नाही, म्हणून १३.४५ धरते. ब च्या रांगेत ईपीएस २.२३, मूल्य ३०, दोन्ही लिहिते. एक शंका राहिली: ब च्या एखाद्याकडे ७ शेअर असतील तर ०.५ ने साडेतीन येतात. नवे शेअर ३ लाख पूर्ण निघतील का?

---

दशांश

परीक्षेत ३ लाखच धरा. प्रत्यक्षात अर्धा शेअर दिला जात नाही. असे सगळे अपूर्णांक एकत्र करून एका विश्वस्ताच्या नावे पूर्ण शेअर काढतात, ते विकतात आणि ज्याचा जेवढा अपूर्णांक त्याला तेवढी रोख मिळते. तसं केलं तर एकूण शेअर जवळजवळ तेवढेच राहतात. थेट कंपनीने रोख दिली तर शेअर थोडे कमी होतात आणि रोखही जाते. म्हणून छोट्या कंपनीत, जिथे एकूण शेअरच थोडे आणि प्रत्येकाकडे विषम संख्येचे शेअर आहेत, तिथे हा फरक ईपीएसच्या तिसऱ्या दशांशात दिसू शकतो. वाटाघाटी, तुमच्या भागधारकांची यादी काढून बघा.

---

वाटाघाटी

लहान कंपनीत ११ जण आहेत, त्यातल्या चौघांकडे विषम संख्येत शेअर आहेत. प्रेफरन्सवाल्यांना इक्विटी द्यायची की नाही हे अजून ठरलेलं नाही. दोन्ही प्रकारे ईपीएस काढून इथे टाकतो.